निद्रानाशाच्या कवितेतली रात्र खरी किती लांब असते?

मुक्तछंदी: जागरणाच्या कविता वाचून वैताग आलाय. सगळ्यांची रात्र 'संपता संपत नाही', सगळ्यांचं घड्याळ टिकटिकतं. आणि झोप नसेल तर डोकं धड चालत नाही हे सगळ्यांना माहितीये, मग या कविता इतक्या वृत्तात, यमकात नीट बसतात कशा? खरी निद्रानाशाची कविता तुटक, विस्कळीतच असणार. बाकी सगळं दिवसा निवांत बसून केलेलं नाटक.

रातवा: हे वाचून चीड आली म्हणून लांबलचक लिहितेय. तुम्ही जागरण आणि निद्रानाश एक करताय. परीक्षेसाठी रात्र जागून काढली की दुसऱ्या दिवशी डोकं विस्कळीत होतं, वाक्य अर्धवट राहतं, ते बरोबर. पण झोप हवी असून येत नाही तेव्हा रात्री अडीच वाजता डोकं बंद नसतं, उलट जास्त जोरात चालू असतं. विचार तुटत नाही हीच तर अडचण आहे, तोच विचार पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी जरा वेगळ्या वाटेने, आणि त्याच जागी येऊन थांबतो.

ग़ालिबचा तो शेर घ्या, 'मौत का एक दिन मुअय्यन है, नींद क्यूँ रात भर नहीं आती'. यात तुटक काय आहे? युक्तिवाद पक्का आहे, मरणाचा दिवस ठरलेला आहे, म्हणजे काळजी करून काही बदलणार नाही, मग झोप का नाही? तर्काला उत्तर नाही आणि तर्काचा उपयोगही शून्य. झोप न येणाऱ्या माणसाचं डोकं नेमकं असंच चालतं, स्वतःला समजावणारा मुद्दा सापडतो, तो पटतोही, आणि डोळे उघडेच. आता पूर्ण ग़ज़ल बघा. आधी उमेद फळाला येत नाही, मग झोप येत नाही, मग हसू येत नाही, पुढे एका शेरात स्वतःचीच खबर येत नाही. प्रत्येक शेर नवा विषय काढतो आणि त्याच 'नहीं आती'वर आपटतो. तुमच्या मुक्तछंदात हे कसं आणणार ते सांगा.

मुक्तछंदी: रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी तसेच परत येणारे शब्द, जवळजवळ प्रत्येक ग़ज़लेत असतो हो. मग वसंतावरची, मद्यावरची, प्रत्येक ग़ज़ल निद्रानाशाची म्हणायची का? फॉर्मच्या नियमाला तुम्ही कवीची मनःस्थिती समजताय. आणि शेर सुटे असतात, त्यातला एक झोपेबद्दल आहे म्हणून बाकीचेही रात्रीचे, हे तुम्ही ठरवलंत.

रातवा: रदीफ बहुतेक सगळीकडे असतो, मान्य. शेर सुटे, तेही मान्य, ग़ालिबने ती ग़ज़ल रात्री लिहिली असा माझा दावाच नाही. पण काही मनःस्थितींना काही साचे फिट बसतात. प्रेयसीच्या वर्णनात रदीफ सजावट असतो, इथे तो वाट अडवतो. तुम्ही 'साचा आहे म्हणजे नाटक' म्हणालात, मी एवढंच म्हणतेय की गोल फिरणाऱ्या विचाराला परत येणारी ओळ लागतेच.

सुखनिद्रा: माझ्यासाठी हाच उपाय लागू पडला, झोपायच्या तासभर आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि बेडवर पडून कविता वाचायच्याच नाहीत. दोघांनीही करून बघा, भांडण मिटेल.

मुक्तछंदी: ताई, इथे उपाय कुणी विचारलाय?

जागल्या: मला वेळेबद्दल बोलायचंय, ते राहूनच गेलं. 'रात्र संपत नाही' म्हणणारा कवी अर्धंच सांगतो. मी कित्येक वर्षं यातून जातोय. एक वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळ बघतो, मग तासभर तळमळल्यासारखं वाटून परत बघतो तर एक पन्नास. आणि त्यानंतर डोळ्याला डोळा लागलेला नसताना थेट पावणेचार! मिनिटं ताणली जातात आणि तास गायब होतात, दोन्ही एकाच रात्री. हा दुसरा भाग मला कवितेत फार कमी भेटलाय.

तंत्रज्ञ_रात्रपाळी: मी झोपेच्या तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. जागल्या, ते गायब झालेले दोन तास तुम्ही बहुतेक झोपला होतात. डोक्याला तारा लावून रेकॉर्डिंग करतो तेव्हा हे नेहमी दिसतं. हलक्या झोपेतून उठवलं की बरेच जण म्हणतात मी जागाच होतो. निद्रानाश असलेले लोक झोप लागायला लागलेला वेळ साधारणपणे जास्त सांगतात आणि एकूण झोप कमी. हलक्या झोपेचे तुकडे आठवणीत राहत नाहीत, मधली जाग राहते, आणि सगळे जागेपणाचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन एक अखंड जागरण तयार होतं.

जागल्या: म्हणजे मी खोटं बोलतोय? एका डॉक्टरांनी माझा रिपोर्ट समोर टाकून 'तुम्ही तर सहा तास झोपलात' म्हणून घरी पाठवलं होतं. तो अपमान मी विसरलेलो नाही. ते सहा तास मला एक एक करून आठवतात.

तंत्रज्ञ_रात्रपाळी: खोटं अजिबात नाही. तसं सांगून घरी पाठवणं चूकच. अशा काही लोकांच्या झोपेच्या रेकॉर्डमध्येही जागेपणी दिसतात तशा जलद लहरी जास्त सापडल्यात, म्हणजे झोप आहे पण मेंदू पूर्ण उतरलेला नाही. आणि काहींची झोप खरोखरच कमी भरते, सगळ्यांना एकच मोजमाप लावता येत नाही. फक्त घड्याळ बघणं बंद करा. दर वेळी बघितलं की 'आता चारच तास उरले' हा हिशोब सुरू होतो आणि त्यानेच जाग वाढते.

मुक्तछंदी: हे तर माझ्याच बाजूचं निघालं! कवी म्हणतो रात्रभर जागा होतो आणि मशीन म्हणतं झोपला होता. मग 'रात भर' ही अतिशयोक्तीच की.

रातवा: मशीनने कविता तपासायच्या का आता? 'रात भर' हा पुरावा नाही, तो अनुभव आहे, आणि तंत्रज्ञ दादांनी आत्ताच सांगितलं तो अनुभव तयार कसा होतो. झोपेचे तुकडे गळून पडतात आणि जाग शिवली जाते, कवी तेच करतो. जागल्यांचं मात्र पटलं, गायब होणारे तास कवितेत यायला हवेत.

जागल्या: इंग्रज कवी फिलिप लार्किनच्या 'ओबाद'मध्ये थोडं आहे. 1977 ची कविता. पहाटे चारला जाग येते, पुढे मरणाचा विचार आणि फक्त तोच. दहा दहा ओळींची पाच कडवी, यमकाची रचना पाचही कडव्यांत तीच, आणि प्रत्येकात नववी ओळ अचानक आखूड. मला ती आखूड ओळ वाचताना छातीत धस्स होतं, विचार रांगेत चालताना मधेच पायरी चुकावी तसं. शेवटच्या कडव्यात उजेड येतो, पण प्रश्न सुटल्यामुळे नाही, कामाची वेळ झाली म्हणून. मधला वेळ कुठे गेला ते कविता सांगत नाही.

मुक्तछंदी: लार्किन पहिल्याच ओळीत सांगतो की रात्री अर्धवट पिऊन झोपतो. तो निद्रानाश नाही, दारू आहे.

तंत्रज्ञ_रात्रपाळी: यात तथ्य आहे. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, चारची जाग त्यात अगदी बसते.

जागल्या: जाग कशानेही येऊ दे, चारला छताकडे बघत पडलेल्या माणसाला कारणाने काय फरक पडतो?

रातवा: कवितेत पडतो. ग़ालिबच्या शेरातला माणूस झोपेची वाट बघतोय, लार्किनचा झोपून उठलाय आणि आता सकाळची वाट बघतोय. एकाचा वेळ अडकलेला, दुसऱ्याचा संपत चाललेला, 'आणखी एक दिवस मरण जवळ' असं तो म्हणतोच. दोन्हींना एकच निद्रानाश म्हणायला मी तयार नाही.

मुक्तछंदी: ठीक आहे, पाच कडव्यांची ती आखूड ओळ मी बघितली, ती दिवसा बसून घातलेली असली तरी चालून जाते. पण रात्र न संपणाऱ्या बाकीच्या शेकडो कवितांबद्दल माझं मत तेच, त्यांत ना गोल फिरणारा विचार आहे ना गायब झालेला तास.

जागल्या: त्यावर आपलं एकमत आहे.