प्रतिसाद: पात्राचं नाव

> गोष्ट १९५० ची, कोकणातलं खेडं, साठीची कडक विधवा बाई. 'मीनाक्षी गुहागरकर' कसं वाटतं?

मीनाक्षी नको. नाव गोष्टीच्या सालावरून नाही, जन्मसालावरून ठरवायचं, म्हणजे बाई १८९० च्या आसपासची. तेव्हा द्वारका, गोदावरी, भागीरथी अशी तीर्थांची नि नद्यांची नावं भरपूर. आणि गोष्ट गुहागरातच घडत असेल तर गुहागरकर पण खटकतं, कारण गावाचं नाव माणसाला बहुतेक गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच चिकटतं, गावात राहून कोण कोणाला गुहागरकर म्हणणार? साधं जोशी, दामले ठेव.

कडकपणा मात्र नावात कोंबू नकोस, चंडिका वगैरे ठेवलंस तर नाटकातली खाष्ट सासू होईल :) त्यापेक्षा लग्नात नाव बदलायची रीत वापर ना. माहेरची बयो, सासरी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून झाली द्वारका. आता घरातले झाडून सगळे तिला द्वारकाकाकू म्हणतात, पोरं तर लांबूनच. मग एक दिवस माहेरचा म्हातारा भाऊ येतो नि ओटीवरून हाक मारतो, "बयो, पाणी दे गो". सुना स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघतात. स्वभावाचं वर्णन करायला वेगळा परिच्छेद लागणारच नाही.