मदत हवी आहे: भावाचा दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज नाकारला, पुढे काय?

सायली_के: माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. लहानपणी गालगुंड झाले तेव्हापासून त्याचा उजवा कान पूर्ण गेलाय. डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे, कान अधूनमधून वाहतो. समोरचा तोंड फिरवून बोलला की त्याला काही कळत नाही. swavlambancard.gov.in वर अर्ज केला, आधार, फोटो, रहिवासी पुरावा जोडला आणि ठरलेल्या वारी सिव्हिलला गेलो. कानाची तपासणी दहा मिनिटांत उरकली. आता पोर्टलवर अर्ज नाकारलेला दिसतोय. कागदावर उजवा 46 टक्के, डावा 30 टक्के, एकूण 33 टक्के एवढंच लिहिलंय. उजव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नाही, मग 46 कसे? नव्याने अर्ज करू की अपील?

बाळू_पाटील: ताई, बेरीजच चुकली आहे. 46 आणि 30 ची सरासरी 38 येते. हेच त्यांच्यासमोर मांडा.

नंदा_मावशी: आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आम्हालाही दोन चकरा मारायला लावल्या. एसटीच्या सवलतीसाठी पाहिजे होतं ना तुम्हाला? त्याचा पास वेगळा काढावा लागतो हो.

सायली_के: मावशी, एसटीचं नाही, नोकरीच्या अर्जासाठी हवंय. आणि सरासरी खरंच अशी काढतात का?

श्रवण_तपासनीस: मी ऑडिओलॉजिस्ट आहे, या तपासण्या करतो. बाळूभाऊ, कानांची साधी सरासरी घेत नाहीत. चांगल्या कानाचे टक्के पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहाने भागायचे. इथे 30 गुणिले 5 म्हणजे 150, अधिक 46 म्हणजे 196, भागिले 6, जवळपास 33. म्हणजे हिशोब बरोबर आहे.

सायली, शंका घ्यायची ती त्या 46 वर. पूर्ण गेलेल्या कानात हेडफोनमधून मोठा आवाज सोडला की तो कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानापर्यंत पोचतो. भावाच्या डाव्या कानाचा पडदा खराब आहे, पण आतला कान चांगला असेल तर तो आवाज त्यालाच ऐकू येतो. मग तो बटण दाबतो आणि नोंद उजव्या कानाच्या नावावर होते. हे टाळायला डाव्या कानात मुद्दाम खरखर आवाज सोडतात, त्याला मास्किंग म्हणतात. तपासणीच्या वेळी डाव्या कानात तशी खरखर ऐकू आली का, हे भावाला विचारा. नसेल आली, तर तो 46 चा आकडा बहुतेक सावली आहे. उजवा खरंच 100 टक्के निघाला तर 150 अधिक 100, भागिले 6, म्हणजे जवळपास 42.

सायली_के: विचारलं. म्हणाला, अजिबात नाही. उजव्या बाजूच्या आवाजालाही डावीकडेच ऐकू येत होतं, म्हणून सांगितलं तसं बटण दाबलं.

श्रवण_तपासनीस: हे फार महत्त्वाचं आहे, अर्जात याच शब्दांत लिहा. आधी ऑडिओग्रामची प्रत मागा, आलेखाचीच, फक्त टक्क्यांची नाही. मग पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे मास्किंगसह तपासणी आणि बेरा करून घ्या. बेरात मेंदूची प्रतिक्रिया मोजतात, त्यामुळे बटण दाबण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. गालगुंडाच्या वेळचे जुने कागद असतील तर तेही जोडा. नाकारण्याचं कारण लेखी मिळणं हा तुमचा हक्क आहे. ते नसेल तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी मागा. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 59 नुसार निर्णयावर अपील करता येतं. कोणाकडे करायचं, तेही त्याच अर्जात विचारा. तेवढाच अर्ज पुन्हा भरला, तर तीच तपासणी तशीच होईल.

विधी_देशमुख: एक अडचण सांगते. कायद्याच्या परिशिष्टात ऐकू कमी येण्याची व्याख्या दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल अशी आहे. डावा 60 च्या आत असेल, तर टक्के 42 झाले तरी मंडळ त्यावर बोट ठेवू शकतं. अपिलाआधी डाव्याचा डेसिबलचा आकडा हाती घ्या.

श्रवण_तपासनीस: हो, हा मुद्दा खरा आहे, मी बाजूला ठेवला होता. शिवाय डाव्याचा पडदा शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, म्हणून मंडळ ही कायमची स्थिती नाही असंही म्हणू शकतं. कान-नाक-घसा डॉक्टरांचं त्यावरचं लेखी मत घ्या.

सायली_के: ऑपरेशनचं पूर्वी एकदा विचारलं होतं, कान वाहायचा थांबल्याशिवाय नको म्हणाले होते. ती चिठ्ठी शोधते. आलेखाची प्रत मागायला सोमवारी जाते, डेसिबलचा आकडा मिळाला की इथे टाकते.

बाळू_पाटील: सहाने भागायचं मला माहीत नव्हतं. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.