अनुभव धागा: बोलून टाइप केलेल्या मराठीत लाल रेघ न येणाऱ्या चुका

धागाकर्ती (मुद्रितशोधक, रामदासपेठ)

फोनवर मराठी बोलून टाइप केलं की दोन तऱ्हांच्या चुका होतात. एक तऱ्हा वाचताक्षणी खटकते, कारण तो शब्दच मराठीत नसतो. दुसऱ्या तऱ्हेत चुकून आलेला शब्दही खरा मराठी शब्द असतो. त्याच्याखाली लाल रेघ येत नाही आणि वाक्यही वरवर चालून जातं. हा धागा दुसऱ्या तऱ्हेसाठी आहे. नुसतं ‘फोन काहीही लिहितो’ असं नको. काय बोललं, काय उमटलं, का उमटलं आणि कसं पकडायचं, एवढं लिहा.

सुरुवात मी करते. बोललेला मजकूर असा:

‘वारा असताना फवारणी करू नये. पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली. आंबिया बहाराच्या झाडांना द्यायचं. तण आधी काढावं.’

उमटलेला मजकूर असा:

‘वारा असताना फवारणी करून ये पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली आंब्या बाहेरच्या झाडांना द्यायचं तन आधी काढावं’

एकाही शब्दाखाली रेघ नाही. सगळ्यात वाईट चूक पहिली. ‘करू नये’ आणि ‘करून ये’ यांत अक्षरं तीच आहेत, फक्त मोकळी जागा एक अक्षर पुढे सरकली आहे, आणि मनाईच्या जागी करायचा हुकूम आला आहे. औषधाच्या सूचनेत ‘उपाशीपोटी गोळी घेऊ नये’चं ‘घेऊन ये’ होतं ते असंच. बोलताना आपण दोन शब्दांमध्ये थांबत नाही, त्यामुळे आवाजात ती फट नसतेच. मग यंत्र जे जास्त वेळा ऐकलं आहे ते निवडतं, आणि ‘करून ये’, ‘घेऊन ये’ ही रोजची बोली आहे.

पकडायची रीत: मजकूर गूगल डॉक्समध्ये चिकटवा, वरच्या तीन टिंबांतून Find and replace उघडा आणि `न ये` असं मधे जागा सोडून शोधा. ‘करू नये’मध्ये ‘नये’ जोडून असल्यामुळे बरोबर असलेली वाक्यं यात येत नाहीत, फुटलेली तेवढी येतात. मात्र ‘तो अजून येणार आहे’ यातही ‘न ये’ सापडतं, म्हणून सगळं एकदम बदलायचं बटण दाबू नका. एकेक बघत जा. अनेकवचनी ‘करू नयेत’चं ‘करून येत’ होतं, तेही याच शोधात सापडतं.

प्रतिसाद (शाळेतले शिक्षक, काटोल रोड)

एवढं शोधत बसायचं कारण नाही, ताई. मजकूर फोनकडूनच मोठ्याने वाचून घ्यायचा. मराठी आवाज उतरवून घेतला की निवडलेला मजकूर तो वाचून दाखवतो. डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, कान तसं करत नाही. शाळेच्या सूचना मी अशाच तपासतो आणि गळलेले शब्द लगेच कळतात.

प्रतिसाद (डीटीपी करणारे, महाल)

सर, गळलेल्या शब्दांसाठी तुमची रीत उत्तमच. पण इथल्या चुकांसाठी ती उपयोगाची नाही. जे शब्द आवाजात सारखे म्हणून चुकले, ते परत आवाजातच ऐकले तर सारखेच ऐकू येणार. ‘घेऊन ये’ फोनने वाचलं की कानाला ‘घेऊ नये’च वाटतं, कारण काय बोललो ते आपल्या डोक्यात असतं. दिन आणि दीन, शिर आणि शीर यांचंही तेच.

कानाने तपासायचं ते आकडे, गळलेले शब्द आणि दोनदा आलेले शब्द. डोळ्याने तपासायची ती तोडलेली-जोडलेली अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार. डोळा सरावाने पुढे पळू नये म्हणून आम्ही शेवटच्या वाक्यापासून उलटं वाचत वर जातो. अक्षर मोठं करायचं आणि ओळी आखूड ठेवायच्या. अर्थाचा ओघ तुटला की शब्द सुटा दिसतो.

प्रतिसाद (कृषी सेवा केंद्र, काटोल)

आमच्याकडे शेतकऱ्यांना रोजचे मेसेज बोलूनच जातात, म्हणून आकड्यांचं सांगतो. वीस-तीस, सत्तर-सतरा, साठ-सात, एकोणतीस-एकतीस या जोड्या गाडीच्या आवाजात हमखास अदलाबदल होतात. ‘पावणेदोन’चं ‘पाहुणे दोन’ होतं ते निदान दिसून तरी येतं. वीसचं तीस झालेलं दिसत नाही.

आमचा नियम असा की मात्रा दोन प्रकारे सांगायची. ‘पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली, म्हणजे लिटरला दोन मिली.’ आता तीसच्या जागी वीस उमटलं तर हिशेब जुळत नाही, पंधराला वीस म्हणजे लिटरला सव्वा मिलीच्या थोडं वर. मेसेज वाचणारा शेतकरीही हे पडताळू शकतो. मोठी रक्कम असेल तर अंकी आणि अक्षरी दोन्ही, धनादेशावर लिहितात तशी. अंक हाताने टाइप करायचे, अक्षरी बोलायचे. दोन्ही बोलले तर चूकही दोन्हीकडे सारखीच होण्याची भीती असते.

संत्र्याच्या आंबिया बहाराचं ‘आंब्या बाहेर’ आणि मृग बहाराचं ‘मृग बाहेर’ हे तर ठरलेलंच. ‘बहार’पेक्षा ‘बाहेर’ हा शब्द बोलण्यात कितीतरी जास्त येतो. गावांच्या नावांनाही हेच लागू. मौद्याचं ‘मुद्दा’ नाही तर ‘सौदा’ होतं, पारडीचं ‘पार्टी’. संत्र्याच्या मेसेजमध्ये आम्ही `बाहेर` शोधतो. खरोखरचं बाहेर त्यात क्वचितच असतं.

आणि मनाई असेल तिथे ‘करू नये’ बोलायचंच नाही. ‘फवारणी टाळावी’ किंवा ‘फवारणी करायची नाही’ बोलायचं. हे वाक्य कुठेही तोडलं तरी अर्थ उलटत नाही.

प्रतिसाद (उमरेड रोड)

माझ्या फोनवर ‘आहे’ लिहायला गेलं की ‘आहेत’ येतं, आणि बोट घसरवून लिहिलं तर वेगळंच. हे बंद कसं करायचं? कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात शब्द टाकून ठेवले की बोललेलंही सुधारतं असं ऐकलं आहे.

धागाकर्ती

भाऊ, तुमचं दुखणं बोटाने लिहिण्यातल्या सूचनांचं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मजकूर आपोआप सुधारण्याचा पर्याय असतो, तो बंद करून बघा. वैयक्तिक शब्दकोशाचा उपयोग टाइप करताना नक्की होतो. बोललेल्यावर तो भरवशाने चालतो असं मला दिसलेलं नाही. कोणाला वेगळं दिसलं असेल तर फोन आणि कीबोर्ड सांगून लिहा.

प्रतिसाद (हिंगणा)

आपल्या बोलीचं कोणी बोललंच नाही. आमच्या घरी ‘मले’, ‘तुले’ असंच बोलतात. ‘मले सांग’ म्हटलं की कधी ‘मला सांग’ येते, कधी ‘मळे सांग’. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘काळा’चं ‘काया’ असते, तर फोन सरळ ‘काया’च लिहून टाकते. पाण्याचं पानी, कोणचं कोन. मग काय पुण्यासारखं बोलायचं का फोनसाठी?

प्रतिसाद (डीटीपी करणारे, महाल)

मुळीच नाही. पण आधी बोलण्याची भाषा कोणती निवडली आहे ते बघा. नागपुरात पुष्कळ फोनवर हिंदी आणि मराठी दोन्ही चालू असतात. ‘पाणी’चं ‘पानी’ होतं ते दर वेळी तुमच्या उच्चारामुळेच असं नाही, यंत्र हिंदीत ऐकत असेल तरी तेच होईल. ओळखायची खूण अशी: वाक्यात ‘है’, ‘और’, ‘में’ डोकावत असेल किंवा ‘की’च्या जागी ‘कि’ येत असेल, तर दोष भाषेच्या निवडीचा. जीबोर्डच्या व्हॉइस टायपिंगच्या सेटिंगमध्ये फक्त मराठी ठेवून तेच वाक्य पुन्हा बोला. तरीही ‘पानी’ आलं तर मग उच्चार.

न-ण साठी शोधायचे शब्द थोडेच आहेत, पण अर्थ बदलणारे: तन-तण, सन-सण, मन-मण, कोन-कोण, जन-जण. ल-ळ मध्ये काल-काळ, माल-माळ, दल-दळ. शेवटी ‘काया’ शोधा. बोली बोलीसारखी लिहायची असेल, म्हणजे गोष्टीतला संवाद वगैरे, तर बोलून टाइप करणं सोडा. यंत्र अर्धं प्रमाण करतं आणि अर्धं बोलीत ठेवतं, ते निस्तरायला हाताने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

प्रतिसाद (हिंगणा)

अर्ध्या प्रमाणाचं पटलं. पण आमचा मेसेज आमच्याच माणसाला जाते, त्याला ‘मले’ वाचलेलंच बरं वाटते. त्याचा उपाय अजून कोणी दिला नाही.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षिका, धंतोली)

ऱ्हस्व-दीर्घाची एक गल्लत होताना दिसते. १९६२च्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून शेवटचं अक्षर लोक नीट बघतात. पण फसवणाऱ्या जोड्या शब्दाच्या आतल्या आहेत. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. हे नियमाने सुटत नाही, अर्थ बघूनच ठरवावं लागतं. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘महिला दीन’ छापलं गेलं तर ते किती क्लेशकारक आहे याचा विचार करा.

शंका आली की शब्दकोशात दोन्ही रूपं शोधा आणि अर्थ वाचा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मोफत आहेत. मात्र तिथून अर्थ घ्या, लेखन घेऊ नका. मोल्सवर्थमध्ये ‘नांव’सारखी जुनी अनुस्वारयुक्त रूपं आहेत, आज ती चालत नाहीत.

प्रतिसाद (अर्ज लिहून देणारे, सिव्हिल लाइन्स)

सगळ्यांनी मोठ्या चुका सांगितल्या, मी टिंबाची सांगतो. ‘त्यांचा’चं ‘त्याचा’, ‘वारसांना’चं ‘वारसाना’ किंवा ‘वारसाला’. बोलताना हा अनुस्वार नाकात जेमतेम लागतो. ‘वारसाना’ निदान खटकतं. ‘मयताच्या वारसांचा हिस्सा’ऐवजी ‘वारसाचा हिस्सा’ उमटलं तर मात्र वाक्य शुद्ध आहे आणि तीन वारसांचा एक झाला आहे. हे शोधून सापडत नाही, कारण एकवचनी रूपही जागोजाग बरोबर असतं.

आम्ही अर्ज कागदावर काढतो आणि ज्याचा अर्ज आहे त्याच्यासमोर प्रत्येक ‘-चा, -ना, -नी’वर पेन ठेवून विचारतो, हा एक की अनेक? ‘वारसांचा’ असेल तर पुढे नावं किती आहेत ती मोजायची. पानभर अर्जाला पाच-सात मिनिटं लागतात. नावं आणि गट क्रमांक आम्ही बोलतच नाही, आधार आणि सातबारा समोर ठेवून हाताने टाइप करतो.

काटोलच्या भाऊंचं ‘टाळावी’ मेसेजला ठीक. पण कार्यालयीन मसुद्यात ‘करू नये’ हीच भाषा चालते, ती आम्हाला बदलता येत नाही. तिथे आम्ही ‘करू’ बोलून थांबतो, पडद्यावर शब्द उमटू देतो आणि मग ‘नये’ बोलतो. तरीही कधी कधी फोन मागचे दोन्ही शब्द उचलून ‘करून ये’ करतो, म्हणून शेवटी ताईंचा शोध लावावाच लागतो.