ब्रीफमधली उद्दिष्टाची ओळ

> ॲपच्या जाहिरातीचा व्हिडिओ करणाऱ्याला ब्रीफमध्ये रंग, लोगो, मजकूर सगळं लिहून देतो. व्हिडिओ सुंदर येतो, पण नोंदण्या होत नाहीत. काय राहतंय?

माझ्या मते उद्दिष्टाची ओळ राहतेय. ‘ॲपचा प्रचार’ एवढंच लिहिलं, तर व्हिडिओ करणारा ओळख करून देणारी फिल्मच करणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

हिशेबाच्या ॲपसाठी मीही तेच लिहिलं होतं. ३० सेकंदांच्या व्हिडिओत ॲप दिसलं २२व्या सेकंदाला. तोवर बहुतेक प्रेक्षक निघून गेले होते. प्रेक्षक टिकण्याचा आलेख पाहिला तेव्हा ते कळलं.

दुसऱ्या ब्रीफमध्ये लिहिलं: ‘रात्री वहीत उधारी लिहिणाऱ्या दुकानदाराने हा व्हिडिओ पाहून मोफत चाचणीसाठी नोंदणी करावी. आज तो थांबतो, कारण जुना हिशेब पुन्हा भरावा लागेल असं त्याला वाटतं. वहीच्या पानाचा फोटो काढला की नोंदी आपोआप भरतात, हे दाखवायचं.’ ही अडचण आम्हाला ग्राहकांशी फोनवर बोलतानाच कळली होती. ती मनाने लिहू नका. ब्रीफमधल्या फोटोच्या वाक्याने पहिलं दृश्यच ठरलं: वही, फोन, भरलेली नोंद, तीन सेकंदांत.

बाकी थोडक्यात: उभी चौकट, आवाज बंद असतानाही कळेल असा मजकूर, शेवटी एकच बटण. कॅमेरा, संगीत, मांडणी व्हिडिओ करणाऱ्यावर सोडा. पहिला कच्चा मसुदा आला की ब्रीफ न वाचलेल्या कुणालातरी दाखवा आणि विचारा, ‘हे पाहून काय करायचं?’ उत्तर नोंदणी नसेल, तर रंगांवर बोलण्याआधी तेच दुरुस्त करून घ्या.