वारलेल्या व्यक्तीचा मोठा फोटो फ्रेम करून देणं बरं दिसतं का?

निमूट: ऑफिसातल्या सहकाऱ्याची बायको आठ दिवसांपूर्वी गेली. दोन शाळकरी मुलं आहेत. आम्ही बारा जण वर्गणी काढून तिचा मोठा फोटो फ्रेम करून देणार आहोत, सोबत फुलांचा गुच्छ. मला हे खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. अति होतंय का?

रोखठोक: फ्रेम बाद, फुलं बाद. पाकीट द्या आणि मोकळे व्हा. खर्च सगळ्यांनाच असतो, शोभेच्या वस्तू कुणालाच नको असतात.

जुनी छत्री: खटकतंय ते बरोबरच आहे. माझा भाऊ गेला तेव्हा त्याच्या मित्रांनी असाच दोन बाय तीन फुटांचा फोटो आणला होता. कुठल्याशा समारंभातल्या घोळक्यातून त्याला एकट्याला कापून काढलेला. खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी चार बोटं तशीच राहिली होती. आईला तो भिंतीवर बघवेना, आणि माळ्यावर टाकायला हात धजेना. दोन वर्षं कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा होता. मित्र यायचे म्हटलं की मी तो बाहेर काढून पुसून ठेवायचे. कुठला फोटो, केवढा, कुठे आणि कधी लावायचा, हे घरच्यांनी ठरवायचं असतं. तुम्ही ते त्यांच्या वतीने ठरवून टाकताय, तेही आठव्या दिवशी.

त्यापेक्षा बारा जणांच्या फोनमध्ये तिचे जे फोटो, व्हिडिओ असतील ते एका पेनड्राइव्हवर गोळा करा. आवाज असलेले व्हिडिओ आधी शोधा, घरच्यांकडे नेमके तेच कमी असतात. चॅटवर आलेले घेऊ नका, त्यांचा दर्जा खालावलेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा. देताना एवढंच म्हणा, "घाई नाही, वाटेल तेव्हा उघड."

रोखठोक: म्हणजे पुन्हा वस्तूच. पैशाचं काय वाईट आहे?

जुनी छत्री: वाईट काहीच नाही, उलट गेलेल्या माणसाच्या एकट्याच्या नावावरचं खातं कागदपत्रं होईपर्यंत बऱ्याचदा अडकून पडतं, तेव्हा हातात रोकड असलेली बरी. पण बारा जणांनी मिळून जायचं नाही. जवळच्या एकाने द्यायचं, कुणी किती घातले त्याची यादी आत ठेवायची नाही. यादी दिसली की परतफेडीचा हिशोब डोक्यात सुरू होतो. आणि रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी मोठी असेल तर आधी विचारा, नाहीतर माणूस तुमच्यासमोर ओशाळतो.

उलटा चष्मा: एवढा कीस काढत बसलात तर लोक भेटायला जायचेच बंद होतील. आमच्या आजोबांचा मोठा फोटो त्यांच्या मित्रांनीच दिलाय. आजही समोरच्या खोलीत आहे, कुणाला त्रास झाला नाही.

जुनी छत्री: त्यांनी आपणहून आणला होता का?

उलटा चष्मा: नाही, आजीने निवडून दिला होता, त्यांनी फक्त मोठा करून आणला. पण मुद्दा तो नाही.

ताईसाहेब: फोटोचं मला कळत नाही, डब्यांचं कळतं. आमचे हे गेले तेव्हा चौथ्या दिवशी फ्रिजचं दार लागत नव्हतं, आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही. निम्मं टाकलं. त्याहून ताप म्हणजे लोकांची भांडी. कुठलं झाकण कुणाचं, हे मी रडत रडत शोधत होते. डबा द्यायचा तर परत न करायच्या भांड्यात, वर तारीख लिहून, आणि पुढच्या आठवड्यापासून एका दिवशी एकानेच. शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. मुलांना काय चालत नाही ते आधी विचारा.

बोकोबा: गुच्छात लिली नको! त्यांच्याकडे मांजर असेल तर नुसते अंगावर पडलेले परागकण चाटूनही तिची मूत्रपिंडं निकामी होतात. आधीच घरातलं एक माणूस गेलंय.

निमूट: सहकाऱ्याच्या बहिणीला फोन केला. त्यांच्याकडे मांजर आहे. गुच्छ रद्द. तिला काय हवं विचारलं तर म्हणाली, सगळं ठीक आहे. मग मी विचारलं, मुलांना शाळेत कोण सोडतं? ती गप्पच झाली. वहिनी सोडायच्या. आता आमच्यातले तिघं आळीपाळीने सोडणार आहोत, महिनाभर तरी. पाकीट मी एकटा नेऊन देईन.

रोखठोक: हे जमलं. फ्रेमचं काय झालं?

निमूट: तयार होऊन आली, पैसेही भरून झालेत. ज्याने फोटो निवडला तो माझ्यावर चिडलाय, दोन दिवस बोलत नाही. सध्या ती माझ्या टेबलाखाली आहे, गुंडाळलेली. मुलांनी कधी मागितली तर देऊ म्हणतोय, पण आपल्याकडे ती आहे हे त्यांना सांगायचं की नाही, तेच कळत नाहीये.