मदत हवी आहे: कल्याणला एक्स्प्रेसमधून उतरल्यावर लोकलचं तिकीट मोबाईलवर कसं काढायचं? (सोबत आई आहे)

पाचोऱ्याचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन घाटकोपरला मावशीकडे चाललोय. पाचोऱ्याहून एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन आहे कल्याणपर्यंत, दुपारी पावणेएकच्या आसपास गाडी कल्याणला लागेल, तिथून पुढे लोकल. आईचे गुडघे गेलेत, त्यात पापड-कुरडयांची पिशवी सोबत, म्हणजे तिला घेऊन जिने चढा-उतरा करणं शक्यच नाही. म्हणून विचार केला की तिकीट मोबाईलवरच काढू. रेल्वेचं रेलवन ॲप टाकून ठेवलंय, नंबर रजिस्टर झालाय, वॉलेटमध्ये थोडे पैसेही भरलेत.

आता प्रश्न असा की सगळे म्हणतात स्टेशनच्या आत उभं राहून तिकीट निघत नाही, बाहेर जावं लागतं. मी तर गाडीतून उतरून आतच असणार ना भो! मग कसं करायचं? आणि मावशीचा मुलगा म्हणतो, मी घाटकोपरहून काढतो आणि तुला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, ते चालेल का? रिक्षावाल्याच्या नादी लागून पूर्ण रस्ता बाय रोड जायचं नाहीये.

भुसावळ_जंक्शन
एवढं काय टेन्शन घेता भाऊ. ती अंतराची अट २०२४ मध्येच उडाली, आधी स्टेशनपासून ठरावीक किलोमीटरच्या आत असलं तरच तिकीट निघायचं, आता कुठूनही निघतं. गाडीत बसल्या बसल्या इगतपुरी गेल्यावर निवांत कल्याण ते घाटकोपर काढून ठेवा, कल्याणला उतरा आणि समोर दिसेल ती लोकल पकडा. मी माझ्या साडूला असंच सांगितलं होतं.

अंमळनेर_ते_अंबरनाथ
भुसावळवाल्या दादांचं अर्धं बरोबर आहे. उडाली ती बाहेरची हद्द. म्हणजे फार लांब आहात म्हणून आता कोणी अडवत नाही. पण आतली हद्द तशीच आहे. पेपरलेस तिकीट काढायला तुम्ही स्टेशनच्या आवारात नसलं पाहिजे आणि रुळांवरही नसलं पाहिजे, आणि चालत्या गाडीत बसलेला माणूस रुळांवरच असतो ना. त्यामुळे साडूचं कसं निघालं माहीत नाही, पण त्या भरवशावर आईला घेऊन जाऊ नका.

हे असं का आहे ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. गाडीत बसल्यावर तिकीट काढता आलं असतं तर कोणीच आधी काढलं नसतं, टीसी डब्यात चढला की खिशातून मोबाईल काढायचा आणि दोन टिचक्यांत तिकीट तयार. म्हणून ॲप बुकिंगच्या क्षणी फोनचं जीपीएस बघतं, तुम्ही कुठे आहात ते रेल्वेकडे असलेल्या स्टेशनच्या आणि रुळांच्या हद्दीशी ताडून बघतं, आत सापडलात तर तिकीट देत नाही. ही तपासणी फक्त काढताना होते. एकदा तिकीट निघालं की नंतर तुम्ही कुठे आहात याच्याशी त्याला घेणं नाही, आत या, बसा, झोपा.

दुसरी गोष्ट वेळेची. लोकलचं पेपरलेस तिकीट काढल्यापासून एका तासात प्रवास सुरू व्हावा लागतो. म्हणजे इगतपुरीला काढलं असतं तरी कल्याण येईपर्यंत ते बाद झालं असतं. आणि पेपरलेस कॅन्सल होत नाही, ते पैसे गेलेच समजा.

पाचोऱ्याचा_पोऱ्या
अरे बापरे, हे तासाचं कोणीच सांगितलं नव्हतं. मग पावणेएकला उतरल्यावर नेमकं काय करू? आईला एकटीला फलाटावर बसवून मी बाहेर गेलो तर चालेल का? मी बाहेर असताना टीसीने तिला विचारलं तर?

तापी_काठचा
माझं पण असंच आहे. माझं घर नंदुरबारला रेल्वे लाईनला अगदी खेटून, गॅलरीतून डबे मोजता येतात. घरात बसून सुरतचं जनरल तिकीट काढायला जातो तर ॲप म्हणतं तुम्ही स्टेशन परिसरात आहात. अहो मी माझ्या स्वयंपाकघरात आहे! बायको म्हणते रेल्वेला तुमचं घर आवडलंय. यावर काही इलाज आहे का कोणाकडे?

अंमळनेर_ते_अंबरनाथ
@तापी_काठचा घर हद्दीच्या आतच येत असेल तर इलाज नाही, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काढा. पण आधी एक बघून घ्या. मॅप उघडा आणि तुमच्या निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघा. वर्तुळ छोटं असेल तर फोनला तुमची जागा नीट कळलीय आणि घर खरंच जवळ आहे. वर्तुळ मोठं असेल आणि रुळांवर पसरलं असेल तर फोन अंदाजपंचे सांगतोय. नवीन अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये लोकेशनची परवानगी देताना नेमकं की अंदाजे असा पर्याय येतो, तिथे अंदाजे निवडलं गेलं असेल तर ठिपका एखाद किलोमीटरनेही इकडेतिकडे होतो. नेमकं करा, बॅटरी सेव्हर बंद करा, गॅलरीत किंवा उघड्यावर या आणि मिनिटभर थांबा. भिंती आणि पत्र्याखाली जीपीएस गोंधळतं.

@पाचोऱ्याचा_पोऱ्या हे तुम्हालाही लागू आहे. फलाटाच्या शेडखालून बाहेर आल्या आल्या लगेच बुक करायला गेलात तर फोन कधी कधी मघाची जागाच धरून बसलेला असतो, बाहेर उभे असूनही आत आहात म्हणतो. चिडून परत परत दाबू नका, मॅप उघडा, ठिपका सरकून रस्त्यावर आला की मग रेलवन उघडा.

आता तुमचा हिशोब. आईला फलाटावर बाकावर बसवा, तिच्याकडे एक्स्प्रेसचं तिकीट राहू द्या. पाचोरा-कल्याणचं तिकीट आहे आणि ती आत्ताच उतरलीय, कोणी विचारलं तरी दाखवायला आहे. मात्र त्या तिकिटावर तासनतास बसून राहू नका. तुम्ही एकटे पश्चिमेला एसटी स्टँडच्या बाजूला बाहेर पडा. सुरुवातीचं स्टेशन कल्याण, जायचं घाटकोपर, मोठी माणसं दोन, सेकंड क्लास, पेपरलेस. एका तिकिटावर चार जण चालतात, आईचं वेगळं काढायची गरज नाही. दहा-दहाचे वीस रुपये होतील. समजा एक वाजून पाच मिनिटांनी निघालं, तर दोन-पाचच्या आत लोकलमध्ये बसायचं, भरपूर वेळ आहे.

तिकिटावर बुकिंगची तारीख-वेळ असते हे लक्षात ठेवा. टीसी तीच बघतो. लोकल कल्याणहून एकला सुटली आणि तिकीट एक-दहाचं असेल तर तो लगेच ओळखतो की हे डब्यात काढलंय. विनातिकीट म्हणून धरलं तर भाड्याशिवाय माणशी कमीत कमी अडीचशे.

भुसावळ_जंक्शन
बरं बुवा, रुळांचं माझ्या लक्षात नव्हतं आलं. पण स्टेशनच्या भिंतीवर क्यूआरचा स्टिकर असतो ना, तो स्कॅन केला की आतूनही निघतं. मग बाहेर कशाला जायचं?

कल्याणची_लेक
क्यूआर स्टेशनच्या आतल्यांसाठीच आणला होता हो. स्कॅन केला की सुरुवातीचं स्टेशन आपोआप लागायचं. पण लोकांनी त्या स्टिकरचे फोटो काढून फोनमध्ये ठेवले आणि टीसी दिसला की डब्यातून तोच फोटो स्कॅन करायला लागले. त्यामुळे आता स्टिकर जागेवर असेलच आणि चालेलच असं धरून चालू नका, दिसला आणि चालला तर बोनस समजा.

माझं विचाराल तर आईचे गुडघे असे असताना एटीव्हीएम बघा. आतल्या बाजूला जवळपास मशीन सापडलं तर यूपीआयने सरळ कागदी तिकीट निघतं, जीपीएसचा काही संबंधच नाही. रांग असते पण पटापट सरकते. आणि मशीनपाशी कोणी काका बसलेले असतील तर त्यांना सांगितलं की ते काढून देतात.

अंमळनेर_ते_अंबरनाथ
हो, हे बरोबर. ॲपमध्येही कागदी तिकिटाचा पर्याय आहे, त्याला जागेची अट नाही, कुठूनही बुक होतं. पण ते मशीनवर किंवा खिडकीवर छापून घेतल्याशिवाय चालत नाही, नुसता मोबाईल दाखवला तर विनातिकीटच. मशीनपर्यंत जायचंच असेल तर तिथेच काढलेलं बरं, उगाच दोन कामं.

मावशीच्या मुलाचं राहिलं. त्याने काढलेलं पेपरलेस त्याच्याच फोनवर राहतं, ज्या फोनवर निघालं त्यातच ॲप उघडून शो तिकीट करून दाखवावं लागतं. फोटो, स्क्रीनशॉट चालत नाही. घाटकोपरला रस्त्यावर उभं राहून त्याला तिकीट मिळेल, पण त्या तिकिटावर प्रवास तोच करू शकेल. दाखवायला नेट लागत नाही, काढताना मात्र लागतं. आणि फोन बंद पडला तर तिकीट नाही असंच धरतात, तेव्हा गाडीत रिल्स बघत चार्जिंग संपवू नका.

जळगावचा_केळीवाला
मला एक कळत नाही, तुम्ही मुळात तिकीट दादरपर्यंतचं का नाही काढलं? मग कल्याणला उतरून त्याच तिकिटावर लोकलने जाता आलं असतं, वेगळं काढायची भानगडच नाही. आमच्याकडचे बरेच जण असंच करतात.

कल्याणची_लेक
करतात खरं, पण एका टीसीने चालवून घेतलं आणि दुसऱ्याने पावती फाडली असं दोन्ही ऐकलंय. मी तरी वीस रुपयांसाठी रिस्क घेणार नाही.

जळगावचा_केळीवाला
आमच्या काकांना कधीच कोणी अडवलं नाही. नियम दाखवा कोणीतरी, मग मानतो.

पाचोऱ्याचा_पोऱ्या
केळीवाले भाऊ, आता रिझर्व्हेशन झालंय, बदलायच्या भानगडीत पडत नाही. ठरलं, उतरल्यावर आधी मशीन बघतो, नाही सापडलं तर आईला बाकावर बसवून पश्चिमेला बाहेर जाऊन काढतो. फोनमध्ये लोकेशनची परवानगी आत्ता बघितली, खरंच अंदाजेवर होती, नेमकं केलं. अजून एक विचारायचं राहिलं: परतीला घाटकोपर ते कल्याण काढायचंय, मावशीचं घर स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे. घरूनच काढून निघालो तर चालेल ना, की पुन्हा ती हद्द आडवी येईल?

अंमळनेर_ते_अंबरनाथ
पाच मिनिटं चालत म्हणजे बहुतेक काही अडचण नाही, घरूनच काढा, फक्त निघायच्या वेळेला काढा, जेवायला बसायच्या आधी नको. मावशी आग्रह करणार आणि तास तिथेच जाणार.

तापी_काठचा
गल्लीच्या टोकाला जाऊन बघितलं, किराणा दुकानासमोर निघालं एकदाचं. दुकानदार विचारत होता रोज इथेच उभे राहणार का.