सल्ला हवा: ज्ञानेश्वरीचे ओवीक्रमांक प्रबंधात कोणत्या प्रतीनुसार द्यावेत?

ओवीशोध
नमस्कार. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांवर मी मराठीतून पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहे. टिपणे काढताना घरची सार्थ ज्ञानेश्वरी, विभागाच्या ग्रंथालयातील १९६० ची शासकीय प्रत आणि एका संकेतस्थळावरील संहिता अशा तीन ठिकाणांहून ओव्या उतरवून घेतल्या. आता मार्गदर्शकांनी सर्व संदर्भ एकाच पद्धतीने देण्यास सांगितले, तेव्हा क्रमांक एकमेकांशी जुळत नसल्याचे लक्षात आले. पसायदानाची पहिली ओवी माझ्या एका टिपणात १७९३ आहे, तर दुसऱ्यात १७९४. गीतेतील ‘अमानित्वमदम्भित्वम्’ हा श्लोकही एका प्रकरणात १३.७ आणि दुसऱ्यात १३.८ असा दिला गेला आहे. यांतला कोणता क्रमांक बरोबर धरावा, आणि तळटीपेत नेमके काय लिहावे?

तळटीप
आपण फार काळजी करू नये. धर्मग्रंथांचा संदर्भ अध्याय आणि श्लोक एवढाच द्यायचा असतो. पृष्ठांक, प्रकाशक, वर्ष यांची गरज नसते आणि ग्रंथसूचीतही ते ग्रंथ घ्यावे लागत नाहीत. शिकागो पद्धतीत असेच आहे. ‘ज्ञा. १३.२००’ असे लिहिले की झाले.

जुना ग्रंथपाल
तळटीप यांचे म्हणणे पृष्ठांकापुरते खरे आहे, परंतु प्रतीचा उल्लेख गाळण्याइतके ते खरे नाही. शिकागो पद्धतही कोणती आवृत्ती वा कोणते भाषांतर वापरले हे सांगायला लावतेच, आणि ज्ञानेश्वरीच्या बाबतीत तर ते टाळून चालतच नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये प्रत शुद्ध केली, तिच्या परंपरेतील छापील प्रती निराळ्या. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीवरून छापलेली संहिता निराळी. काही ओव्या एकीत आहेत आणि दुसरीत नाहीत, त्यामुळे अध्याय जसजसा पुढे जातो तसतसा क्रमांकांतील फरक वाढत जातो. म्हणून नुसत्या ‘ज्ञा. १३.२००’ वरून परीक्षकाला ओवी सापडेलच असे नाही.

ओवीशोध ताई, आधी गीतेचा प्रश्न सोडवू, कारण तो सोपा आहे. तेराव्या अध्यायाच्या आरंभी काही प्रतींत अर्जुनाचा ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ हा श्लोक येतो, काहींत येत नाही. तो धरला तर अध्याय ३५ श्लोकांचा आणि गीता ७०१ श्लोकांची होते. न धरला तर ३४ आणि ७००. शांकरभाष्यात तो नाही, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात नाही, आणि विनोबांची गीताईही ‘इदं शरीरम्’ पासूनच चालते. तेव्हा आपले १३.७ आणि १३.८ हे दोन्ही क्रमांक आपापल्या प्रतीत बरोबर आहेत. चूक एवढीच की एका प्रबंधात दोन मोजण्या आल्या. आपण १३.७ ठेवावा, आणि अध्यायाचा पहिला उल्लेख येईल तेथे एकदाच तळटीप द्यावी, की या प्रबंधात ३४ श्लोकांची गणना स्वीकारली आहे. एखाद्या अभ्यासकाचे वाक्य उद्धृत करताना त्यांनी १३.८ दिला असेल तर तो बदलू नये. त्यापुढे चौकटी कंसात आपला क्रमांक द्यावा: ‘१३.८ [= १३.७]’.

रायतूर
मला वाटते सर्वच धर्मग्रंथांना हा नियम लावता येत नाही. मी गोव्यात फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर काम करतो. त्यात पहिले पुराण आणि दुसरे पुराण असे दोन भाग असल्यामुळे नुसता अवस्वरू, म्हणजे तेथला अध्याय, आणि ओवी हे दोन अंक दिले की वाचक चुकीच्या भागात जातो; तेथे तीन अंकच लागतात. शिवाय बायबलचे संदर्भ जोडताना माझी मोठी अडचण झाली. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र आजच्या मराठी बायबलमध्ये २३ वे आहे, पण स्टीफन्सच्या काळच्या लॅटिन बायबलमध्ये २२ वे. मी दोन्ही अंक देतो. ओवीशोध यांनीही प्रत्येक ठिकाणी सर्व प्रतींचे अंक द्यावेत.

जुना ग्रंथपाल
रायतूर, आपल्या विषयात दोन अंक देणे योग्यच आहे, कारण लेखकासमोर कोणते बायबल होते हा आपल्या अभ्यासाचाच भाग आहे. ताईंचा विषय पाठभेदांचा नाही. त्यांच्या प्रत्येक तळटीपेत तीन अंक आले तर वाचक थकेल.

ताई, आपण एक आधारप्रत निवडा. प्रबंधाच्या आरंभी संक्षेपसूची असते, तेथे ‘ज्ञा.’ या खुणेपुढे संपादक, प्रकाशक, वर्ष आणि कितवी आवृत्ती हे सर्व एकदाच लिहा. पुनर्मुद्रण असेल तर मूळ आवृत्तीचे वर्षही द्या, कारण पुष्कळ प्रतींवर फक्त पुनर्मुद्रणाचे वर्ष ठळक असते. पुढे तळटीपेत अध्याय, ओवी आणि ओवीचा पहिला चरण द्या: ‘ज्ञा. १८.१७९४, “आतां विश्वात्मकें देवें”.’ चरण दिल्यामुळे दुसरी प्रत हाती असलेल्या वाचकालाही ओवी सापडते. अनुस्वार मात्र प्रतीत आहेत तसेच ठेवा. ‘आतां’चे ‘आता’ आणि ‘देवें’चे ‘देवे’ टंकलेखनात नकळत होते, आणि संकेतस्थळावरून उचललेल्या ओव्यांत हमखास होते.

आता अर्थाविषयी. ओवी ज्ञानदेवांची, परंतु सार्थ प्रतीतील गद्य अर्थ संपादकाचा असतो. तो जसाच्या तसा घेतला तर संपादकाचे नाव आणि पृष्ठांक दिलाच पाहिजे. तेथे ओवीक्रमांक पुरत नाही. अर्थ आपणच लावला असेल तर ‘अर्थ प्रस्तुत लेखिकेचा’ असे आरंभी एकदा सांगावे.

आणखी एक गोष्ट तपासावी. ओवीचा क्रमांक ओवीच्या शेवटी छापलेला असतो. घाईत टिपण काढताना नजर वरच्या ओळीच्या टोकाला असलेल्या अंकावर जाते आणि तो मागच्या ओवीचा अंक या ओवीला लागतो. एका वहीतले बरेच क्रमांक बरोबर एकानेच कमी असतील आणि शब्द मात्र हुबेहूब असतील, तर तो प्रतींचा भेद नसून उतरवण्यातली चूक असण्याचा संभव अधिक.

तळटीप
आवृत्तीविषयी माझे लिहिणे अपुरे होते, हे मान्य. पण लागोपाठच्या तळटीपांत ‘तत्रैव’ लिहिले तर संक्षेपही वारंवार द्यावा लागणार नाही.

जुना ग्रंथपाल
ओव्यांसाठी ‘तत्रैव’ वापरू नये असे माझे मत आहे. मसुदा सुधारताना मध्ये एक नवी तळटीप घातली की त्यापुढचे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवते, आणि संगणक ती चूक दाखवत नाही. ‘ज्ञा.’ लिहायला त्याहून कमीच जागा लागते.

ओवीशोध
सर्वांचे आभार. काल तिन्ही वह्या घेऊन बसले. पसायदानाचा घोळ ग्रंथपाल सर म्हणाले तसाच निघाला: घरच्या प्रतीत ती ओवी १७९४ आहे आणि मी वरच्या ओळीचा १७९३ उतरवला होता. त्या वहीतले असे एकोणतीस क्रमांक दुरुस्त केले. बारा ठिकाणी मात्र प्रतींमध्ये खरोखरच भेद आहे, आणि त्यांतील एका ठिकाणी अहिंसेच्या विवेचनातील माझा मुद्दा ज्या ओवीवर उभा आहे ती शासकीय प्रतीत मला सापडली नाही. शासकीय प्रत आधार धरली तर ती ओवी मूळ मजकुरात घेता येईल का?

जुना ग्रंथपाल
घेता येईल, पण ती कोणत्या प्रतीतून घेतली हे त्या तळटीपेत पूर्ण द्यावे लागेल, आणि आधारप्रतीत ती नाही हेही तेथेच लिहावे लागेल. मुद्दा त्या एकाच ओवीवर उभा असेल, तर सांप्रदायिक प्रत आधार धरावी का, हा विचार मार्गदर्शकांबरोबर करा. वारकरी परंपरेत ही ओवी कशी वाचली गेली हे आपण पाहत असाल तर ती निवड समर्थनीय आहे. ज्ञानदेवांचा मूळ शब्द शोधत असाल तर तिचे समर्थन करणे कठीण जाईल.

रायतूर
याच ठिकाणी मी दोन्ही प्रतींचे अंक देईन. बारा जागांसाठी परिशिष्टात छोटा तक्ताही पुरेल.